कॅथेटर, युरिन बॅग आणि खाजणातली उघाडी

नर्सिंग फंडामेंटल्सच्या पहिल्या सराव परीक्षेत कॅथेटरवरचे, म्हणजे लघवी काढायला मूत्राशयात घालतात त्या नळीवरचे, दहा प्रश्न होते, त्यातले माझे सहा चुकले. पाठांतर कमी नव्हतं. बॅग मूत्राशयाच्या खाली ठेवा, बॅग जमिनीला टेकवू नका, नळीला पीळ पडू देऊ नका, हे सगळं तोंडपाठ होतं. पण प्रश्न असे सरळ येत नाहीत. पेशंट, वेळ आणि चार पर्याय देतात, आणि चारही पर्याय करण्यासारखे वाटतात. ते मला सुटायला लागले ते वॉर्डातल्या एका आजोबांमुळे.

आजोबा मालवणकडचे, उभं आयुष्य होडीवर गेलेले. प्रोस्टेट वाढल्यामुळे लघवी अडली म्हणून सोमवारी दाखल झाले. सोळा नंबरचा फोलीज कॅथेटर घातला, नळी आत टिकवणाऱ्या फुग्यात 10 मिली स्टराइल वॉटर भरलं, बॅग पलंगाच्या कडेला टांगली. प्रोस्टेटचं औषध सुरू झालं. मंगळवारी त्यांना सोनोग्राफीला न्यायचं होतं. स्ट्रेचरवर घेताना बॅग कुठे अडकवायची ते मला सुचेना, म्हणून मी ती त्यांच्या पोटावर ठेवली. लिफ्ट बंद होती, रॅम्पवरून फिरून गेलो. जाऊन येऊन पाऊण तास ती तिथेच होती. त्याआधी मी ती रिकामीही केली नव्हती.

गुरुवारी सकाळी आजोबा म्हणाले, “गो बाय, थंडी वाजता माका.” ताप 101.4 निघाला. ओटीपोटावर हात ठेवला तर कळवळले. लघवीत कोणते जंतू आहेत ते पाहायला डॉक्टरांनी युरिन कल्चर सांगितलं आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस सॅम्पल घेतल्यावरच द्या म्हणून बजावलं. मी बाटली घेतली आणि बॅगेच्या खालची तोटी उघडायला वाकले. मागून सिस्टर म्हणाल्या, “थांब. कुणाचं कल्चर पाठवतेस, आजोबांचं की बॅगेचं?”

बॅगेतली लघवी तासन्‌तास साचलेली असते. त्यात जंतू वाढतात, आणि मूत्राशयात जे नाही ते रिपोर्टात दिसतं. मग कॅथेटर आणि नळीचा सांधा सोडवून घ्यावं, तर बंद मार्ग उघडा पडतो आणि बाहेरचे जंतू थेट आत जातात. म्हणून बॅगेच्या नळीवर, कॅथेटरच्या सांध्याजवळ, सॅम्पल पोर्ट दिलेला असतो. नळीत त्या वेळी लघवी नव्हती, म्हणून सिस्टरांनी पोर्टच्या खाली क्लॅम्प लावायला सांगितला आणि घड्याळ दाखवलं. पंधरा मिनिटांनी पोर्टच्या वर लघवी साचलेली दिसली. हात धुतले, ग्लोव्हज घातले, स्पिरिटच्या बोळ्याने पोर्ट घासून पुसला, वाळू दिला, स्टराइल सिरिंजने 10 मिली ओढून बाटलीत घातलं. मग सिस्टरांनी विचारलं, “आता काय राहिलं?” क्लॅम्प राहिला होता. तो तसाच राहिला असता तर लघवी पुन्हा मूत्राशयात तुंबली असती. क्लॅम्प काढला, लेबल लावलं आणि बाटली लगेच लॅबमध्ये पोचवली.

दुपारी मी सिस्टरांना पोटावर ठेवलेल्या बॅगेचं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, पण सोडलंही नाही. बॅग हातात दिली आणि आतला व्हॉल्व्ह शोधायला लावला. आमचं घर देवगड तालुक्यात खाडीच्या काठी आहे. तिथे खाजणातल्या शेताच्या बांधाला उघाडी, म्हणजे फळीचं दार, असते. ओहोटीला शेतातलं पाणी तिच्यातून बाहेर पडतं, भरतीला ती आपोआप मिटते आणि खारं पाणी शेतात शिरत नाही. बॅगेच्या तोंडाशी असलेला व्हॉल्व्ह म्हणजे तीच उघाडी. पण ती राखते फक्त बॅगेतलं पाणी. नळी व्हॉल्व्हच्या अलीकडे असते. बॅग मूत्राशयाच्या वर गेली की नळीत उभी असलेली लघवी उलटी मूत्राशयात जाते, तिला अडवायला काहीच नसतं. आणि उघाडीची फळी नीट मिटली नाही तर काय होतं ते खाडीकाठच्या माणसाला सांगावं लागत नाही.

आजोबांचा ताप त्या पाऊण तासामुळेच आला, असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. जंतू कॅथेटरच्या बाहेरच्या बाजूनेही चढतात, आणि नळी आत असलेल्या प्रत्येक दिवसाला धोका वाढतच जातो. पण माझ्याकडून मार्ग उलटा झाला होता हे खरं, आणि ते मला अजून बोचतं.

सॅम्पल गेल्यावर अँटिबायोटिक सुरू झालं. प्रोस्टेटच्या औषधाचे तीन दिवस झाले होते, म्हणून डॉक्टरांनी त्याच दुपारी कॅथेटर काढायला सांगितलं. सिरिंज लावून फुग्यातलं पाणी परत घेतलं, पुरते 10 मिली आलं की नाही ते पाहिलं आणि मगच नळी हलक्या हाताने ओढली. संध्याकाळपर्यंत आजोबांना दोनदा मोकळी लघवी झाली. नंतर रिपोर्ट आला, कल्चरमध्ये ई. कोलाय जंतू निघाला, मिलीलीटरला एक लाखाच्या वर.

गुरुवारी रात्रीच मी चुकलेले सहा प्रश्न पुन्हा काढले. प्रत्येक पर्यायाला एकच विचारलं: याने लघवीचा मार्ग उघडा पडतो का, किंवा उलटा होतो का?

एक प्रश्न असा होता: कॅथेटर असलेल्या बाईंच्या बॅगेत दोन तासांत थेंबही आला नाही, नर्सने आधी काय करावं? पर्याय होते सलाइनने कॅथेटर धुणं, कॅथेटर बदलणं, डॉक्टरांना फोन करणं आणि नळी तपासणं. मी फोनवर खूण केली होती. पण पेशंट नळीवर झोपली असेल, नळी पलंगाच्या दांडीत चेपली असेल, खाली लोंबून तिच्यात वळसा पडला असेल. काहीही न उघडता हे दिसतं, म्हणून ते पहिलं. मग ओटीपोट चाचपून मूत्राशय भरलंय का पाहायचं. नळी मोकळी असून काहीच येत नसेल तर मात्र फोनला उशीर नको. आधी सलाइनने धुणं म्हणजे कारण न कळता मार्ग उघडणं.

दुसरा प्रश्न रोजच्या स्वच्छतेचा. मी पोव्हिडोन आयोडीन निवडलं होतं, कारण ते जास्त कडक वाटतं. उत्तर साबण-पाणी आहे. जंतुनाशक रोज चोळल्याने संसर्ग कमी होत नाही, उलट तिथली नाजूक त्वचा चुरचुरते. पुसताना हात मूत्रद्वारापासून बाहेर, नळीवरून खाली जातो, परत वर येत नाही. पुरुषात मागे सारलेली कातडी पुन्हा पुढे आणायची, नाहीतर ती तिथेच सुजून अडकते.

एका प्रश्नावर माझं गाइडशी पटलं नाही. कॅथेटर ठरावीक दिवसांनी बदला, असं त्यात उत्तर होतं. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेच्या 2009 च्या मार्गदर्शक सूचनांत ठरावीक दिवसांनी बदलायची शिफारस नाही. संसर्ग झाला, नळी तुंबली, सांधा सुटला किंवा गळती लागली तर बदलायचा. सिस्टरांनी गाइडच्या त्या पानावर पेन्सिलीने काट मारली.

गढूळ लघवीच्या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त अडखळले. ताप नाही, दुखत नाही, फक्त लघवी गढूळ आणि वास येतो, तर कल्चर पाठवावं का? नाही. नळी बरेच दिवस आत राहिली की लघवीत जंतू बहुतेक सापडतातच, आणि लक्षणं नसताना त्यांच्यावर औषध दिलं तर पुढे औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात. अशा पेशंटला पाणी किती जातंय, नळी वाहतेय का, ताप चढतोय का हे बघत राहायचं, आणि राउंडला डॉक्टरांना विचारायचं की हा कॅथेटर आज अजून लागतो का.

पुढच्या सराव परीक्षेत दहापैकी नऊ आले. चुकलेला प्रश्न स्ट्रेचरवर नेताना बॅग कुठे ठेवायची याचा होता. मी “पेशंटच्या दोन पायांमध्ये” लिहिलं होतं. बरोबर उत्तर: आधी रिकामी करून, स्ट्रेचरच्या कडेला मूत्राशयाच्या खाली टांगून.