आमची वाटचाल: कोळशाच्या इस्त्रीपासून पेरॉक्साइडच्या बाटलीपर्यंत

डिचोलीत बाबांनी इस्त्रीचं दुकान टाकलं तेव्हा त्यात एक लाकडी टेबल, जुनी घोंगडी आणि कोळशाची पितळी इस्त्री एवढंच होतं. इंधन म्हणजे करवंटीचा कोळसा. तापमान कळायला बटण नव्हतं. बाबा बोट पाण्यात बुडवून तळाला टेकवायचे आणि थेंब कसा चुरचुरतो ते ऐकायचे. टेरीकॉटची पँट आली की मध्ये ओलं फडकं. दुकान माझ्याकडे आलं, विजेच्या इस्त्र्या आल्या, नंतर वाफेची आली, हॉटेलांच्या चादरी आल्या. पण आमचं नाव झालं ते धुण्याने नव्हे, जळलेले कपडे परत आणण्याने. निदान ज्यांत परत आणण्यासारखं काही उरलेलं असतं, ते.

हे काम सुरू झालं आमच्याच चुकीने. चवथीच्या आदल्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नसते. एका वयस्कर गिऱ्हाइकाचा पांढरा सुती कुर्ता, कडक खळ दिलेला, इस्त्री तीन टिंबांवर, म्हणजे सगळ्यात गरम. कारागिराचा फोन वाजला आणि छातीवर इस्त्रीच्या टोकाचा बदामी चट्टा उठला. उद्या सकाळी तो कुर्ता घालून त्यांना गणपतीची पूजा करायची होती. मी घाबरलो. बाबांनी कुर्ता ट्यूबलाइटसमोर धरला आणि म्हणाले, "आधी बघ, करपलंय काय. खळ की सूत?"

हा प्रश्न मी तोवर कधी स्वतःला विचारलाच नव्हता. खळीत स्टार्च असतो आणि तो सुताच्या आधी तांबूस होतो. म्हणजे चट्ट्यातला काही भाग कपड्याचा नसतोच, वर बसलेल्या पुटाचा असतो. कुर्ता थंड पाण्यात भिजवला, मग कोमट साबणाच्या पाण्यात हलक्या हाताने धुतला. निम्मा रंग तिथेच गेला. उरलेला मात्र सुताचा होता. कापूस म्हणजे सेल्युलोज. जास्त उष्णतेने त्यातून पाणी निघून जातं, हवेतल्या ऑक्सिजनशी प्रक्रिया होते आणि तंतूवर पिवळी-तपकिरी द्रव्यं तयार होतात. चटका हलका असेल तर हा बदल वरवरचा राहतो, आतला धागा शाबूत असतो.

शाबूत आहे की नाही हे नखाने कळतं. कपडा वाळल्यावर चट्ट्यावर नख हलकेच ओढायचं. भुकटी पडली, धागा तुटला किंवा कपडा कागदासारखा कडकडला तर तिथे सूत उरलेलंच नाही, त्याला कुठल्याही बाटलीचा उपयोग नाही. आमच्या कुर्त्याचे धागे नखाला जसेच्या तसे लागले.

मग मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइड आणलं. बाटलीवर ६ टक्के लिहिलेलं होतं, म्हणून तेवढंच पाणी मिसळून ३ टक्के केलं. अर्ध्या कपात चिमूटभर धुण्याचा सोडा टाकला, कारण पेरॉक्साइड क्षारयुक्त पाण्यात चांगलं काम करतं. हातमोजे घातले (एकदा न घालता केलं होतं, बोटांची टोकं पांढरी पडून दिवसभर झोंबत होती). आधी आतल्या शिवणीवर थेंब टाकून दहा मिनिटं पाहिलं. मग पांढऱ्या सुती कापडाची घडी त्यात भिजवून चट्ट्यावर ठेवली आणि वीस वीस मिनिटांनी तीनदा ताजी ओली केली. तासाभरात बदामीचा फिकट पिवळा झाला. धुऊन पुन्हा एक फेरी.

आमच्याकडे जुन्या बायका असा डाग लिंबू लावून उन्हात टाकायच्या. पण चवथ भर पावसाळ्यात, ऊन कुठून आणणार? पेरॉक्साइडला ऊन लागत नाही, वेळ लागतो. शेवटी पाच-सहा पाण्यांतून कुर्ता काढला. हे पाणी काढणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण पेरॉक्साइड आत राहिलं आणि वरून गरम इस्त्री फिरली तर तेच सूत कमजोर होतं. पंख्याखाली वाळवला आणि पूर्ण वाळल्यावरच पाहिला, ओल्या कपड्यावर रंगाचा अंदाज चुकतो. पहाटे साडेपाचला मी स्वतः तो पोचवला. जे घडलं ते सांगितलं, पैसे घेतले नाहीत.

हे ऐकून लोक आपल्या घरची जळलेली कापडं घेऊन येऊ लागले आणि आम्ही थोडे हुशारही झालो. एकदा सुरकुत्या न पडणारा सुती शर्ट मी क्लोरीनच्या ब्लीचमध्ये टाकला, डाग गेला, पण इस्त्रीच्या पहिल्या फेरीला शर्टच सगळा पिवळा झाला. अशा शर्टावरच्या रेझिनचा थर क्लोरीन धरून ठेवतो आणि उष्णता लागली की आम्ल सुटून कापड पिवळं आणि कमजोर होतं. ते नुकसान भरून द्यावं लागलं. तेव्हापासून दुकानात डागासाठी क्लोरीन नाही. रंगीत सुतावर पेरॉक्साइड शिवणीची चाचणी न करता लावत नाही, आणि लोखंडी हूक किंवा बटण जवळ असेल तर आधी काढून घेतो. लोखंडाच्या सान्निध्यात पेरॉक्साइडची क्रिया इतकी जोरात होते की कापडाला भोक पडू शकतं.

सिंथेटिकचं दुःख वेगळं. गिऱ्हाईक म्हणतं "डाग पडलाय", पण तिथे डागच नसतो. पॉलिएस्टर साधारण २५५ अंशांच्या आसपास वितळतो आणि त्याच्या बऱ्याच आधी मऊ पडून दबतो. नायलॉन आणखी लवकर हार मानतो. इस्त्रीच्या तीन टिंबांवर तळ दोनशे अंशांपर्यंत जातो. शाळेच्या टेरीकॉटच्या निळ्या पँटवर गुडघ्याशी चकाकी येते ती अशी, धाग्यांची गोलाई चेपून ते आरशासारखे सपाट होतात. रंग बदललेला नसतो, म्हणून पेरॉक्साइडला काही खायलाच नसतं.

चकाकीवरून हात फिरवायचा. कपडा मऊच लागला तर उलट बाजूने भरपूर वाफ द्यायची, इस्त्री टेकवायची नाही, आणि ओलसर असतानाच मऊ ब्रशने सरळ बाजू विंचरायची. थोडी चमक कमी होते, पूर्वीसारखी कधीच होत नाही. हाताला कडक, गुळगुळीत पापुद्रा लागला तर धागे एकमेकांत वितळले, आता तिथे ठिगळच. हे मी गिऱ्हाइकाला पैसे घेण्याआधी सांगतो. "बघा तरी करून" म्हणणारे असतात, त्यांना मी वाफेचा प्रयोग समोरच करून दाखवतो.

आता दुकानात दिवसाची सुरुवात सिंथेटिकने आणि शेवट सुताने होतो. इस्त्री तापते लवकर, निवते हळू. सुतावरून थेट नायलॉनवर आलं की तळाला चिकटलेला पापुद्रा पुढच्या पांढऱ्या शर्टावर काळा होऊन उतरतो. कपडे घेताना आधीचे चटके वहीत लिहितो, गिऱ्हाइकासमोर. कुर्ता भाजणारा कारागीर अजून आमच्याकडेच आहे, फोन बाहेरच्या फळीवर ठेवतो. आणि बाबा अधूनमधून येऊन बसतात तेव्हा वाफेच्या इस्त्रीलाही ओलं बोट लावून बघतात.