नसलेले मजले

काकांना हवं होतं एवढंच: ज्या मजल्यांवरून गळतीच्या तक्रारी आल्या, तिथे सरासरी किती तक्रारी? ओंकारच्या प्रोग्रामने १.४ सांगितलं, काकांनी पाकिटाच्या मागे २.३३ काढलं आणि दोघांचे फोन मला. आठवडाभर हिंजवडीला जाऊन तेच करायचं आणि रविवारी कोथरूडमध्ये बसूनही तेच. जाऊ दे.

तक्रारी सातच, ओंकारने C++ च्या `std::map` मध्ये मजल्यागणिक मोजलेल्या. दुसऱ्या मजल्यावर ४, तिसऱ्यावर १, सातव्यावर २. म्हणजे मजले ३. पण मॅपचं `size()` म्हणतं ५. पाणी वरून खाली झिरपतं का, हे बघायला ओंकारने प्रत्येक मजल्याच्या खालचा मजला तपासला होता:

```cpp
for (auto& [m, n] : takrari)
    if (takrari[m - 1] > 0) jodi++;
```

दुसऱ्याच्या वेळी पहिला विचारला, तो मॅपमध्ये नव्हता. चौकटी कंसाने तो गुपचूप शून्य घालून तयार केला. सातव्याच्या वेळी सहावा तसाच. जोडी मात्र एकच निघाली, बरोबर निघाली, म्हणून कुणाला संशय आला नाही. भागाकार तेवढा ७/३ चा ७/५ झाला.

"मावशी, मी फक्त विचारलं, काही लिहिलं नाही!"

हेच मला दिवसभर टोचतंय. विचारल्याने वस्तू निर्माण का व्हावी? त्याने खात्रीसाठी लूपनंतर `cout << takrari[5]` घातलं, तर पुढचा `size()` ६. तपासायला जावं तर तपासणीच भर घालते. मग विश्वास ठेवायचा कशावर?

मग मी `m - 1` चं `m + 1` करून पाहिलं. तिसऱ्याने चौथा तयार केला. मॅप चढत्या क्रमाने चालतो, त्यामुळे लूप पुढे चौथ्यावर पोचलं, त्याने पाचवा केला, मग सहावा, सातव्यानंतर आठवा... थांबेचना. पुण्यातले बिल्डरसुद्धा एवढ्या वेगाने मजले चढवत नाहीत. हसूच आलं. ही चूक निदान लपत तरी नाही, मशीन हँग होतं. खालच्या बाजूला घातलेल्या नोंदींवर लूप परत जात नाही, म्हणून ते शहाण्यासारखं संपतं आणि आकडा बिघडवून जातं.

चिडून तरी काय करणार? `takrari[m]++` या एका ओळीत मोजणी होते ती याच सवयीमुळे. नोंद नसेल तर शून्यापासून सुरू. तेव्हा कुणी तक्रार केली नव्हती.

ओंकारला `find` वापरायला लावलं. शिवाय मोजणी झाल्यावर मॅप `const` रेफरन्सने वेगळ्या फंक्शनला द्यायला सांगितला, म्हणजे आत कुणी चौकटी कंस टाकला तर कंपायलरच अडवेल. कुरकुरला, पण केलं.

काकांना कळवलं, तुमचंच २.३३ बरोबर. म्हणाले, "ते मला माहीतच होतं, प्लंबर कधी येतोय ते सांग."