स्टीलच्या कॅप्सूलमधली कॉफी पाणचट का होते?

«कचरा नको म्हणून पुन्हा भरता येणारी स्टीलची कॅप्सूल घेतली. ताजी दळलेली कॉफी भरते, तरी पाणचट लागते. विकतच्या कॅप्सूलसारखी चव येईल का?»

तंतोतंत तशी नाही, पण सुगंधात तिच्याहून सरस येऊ शकते. विकतच्या ॲल्युमिनियमच्या कॅप्सूलचं पातळ झाकण आत पुरेसा दाब साठल्यावरच फाटतं, तोवर पाणी आत अडून राहतं. तुमच्या स्टीलच्या कॅप्सूलची भोकं सुरुवातीपासूनच उघडी असतात. पाण्याला अडवणारं तिथे एकच आहे, कॉफीचा थर. तो सैल असला की पाणी कॉफीतून नुसतं पळून जातं.

म्हणून सगळा खेळ दळण्याचा. कॉफी बारीक मिठापेक्षा थोडी बारीक हवी, पण पिठीसारखी नको. छोट्या कॅप्सूलमध्ये साधारण पाच-साडेपाच ग्रॅम मावते. ती भरून कॅप्सूल टेबलावर दोनदा आपटा, वरून हलकेच दाबा आणि झाकणाखाली केसभर जागा सोडा, कारण भिजल्यावर कॉफी फुगते. कडेवर चिकटलेले कण बोटाने पुसून घ्या. ते राहिले तर सील नीट बसत नाही आणि पाणी कपाऐवजी खालच्या ट्रेमध्ये जातं. ट्रे नेहमीपेक्षा लवकर भरायला लागला, तर आधी कड आणि रबराची रिंग बघा.

आता घड्याळ लावा. समजा, चाळीस मिलिलिटरचा कप दहा सेकंदांत भरला. कॉफी फिकट, आंबटसर लागणार. बाकी काही न बदलता ग्राइंडर एक घर बारीक करा. पंचवीस सेकंदांच्या आसपास आलात की थांबा. उलट पंप घुरघुरतोय, थेंबथेंबच पडतोय आणि चव कडू जळकट, तर दळण फार बारीक झालंय. एक घर जाड करा. अशा वेळी पंप ताणत ठेवू नका, मशीन लगेच बंद करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही.

इतकं जमलं तरी फेस विकतच्यापेक्षा पातळच राहील आणि कॉफीही थोडी हलकी लागेल. साडेपाच ग्रॅमकडून याहून जास्त मागता येत नाही, म्हणून मोठा कप या कॅप्सूलवर काढूच नये. सुगंध मात्र खुलून येतो, पण बिया भरायच्या वेळीच दळल्या तर. आठवड्याची कॉफी दळून डब्यात ठेवली, तर तो फायदा गेलाच.

कचऱ्याचं म्हणाल, तर ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरता येतं. अडचण आतल्या ओल्या चोथ्याची आणि कॅप्सूलच्या लहान आकाराची आहे. चोथा वेगळा न काढता ती घरच्या कचऱ्यात टाकली, तर बहुतेकदा न वितळवता तशीच कचऱ्यात जाते. दिवसाला दोन कप म्हणजे वर्षाला ७३० कॅप्सूल. स्टीलच्या कॅप्सूलमधला चोथा थेट खतात जातो. फक्त प्रत्येक वेळी चिकटवून फेकायचं झाकण लागणारी कॅप्सूल घेऊ नका, स्टीलचं झाकण असलेलीच घ्या. वापरल्यावर चोथा वाळायच्या आत ती धुवा, कारण वाळलेले कण भोकांत अडकले की पुढचा कप पुन्हा थेंबथेंब पडायला लागतो.