किंमत उतरली म्हणे!

दुपारी मेथी निवडत बसले होते, तेवढ्यात फोन टिंग झाला. "किंमत उतरली! आता फक्त ₹3,499." भाचीने मिक्सरसाठी अलर्ट लावून दिला होता, ₹3,500 च्या खाली गेला की कळव म्हणून. आयुष्यातला पहिलाच. हातातली जुडी टाकून उठले, खोटं कशाला बोलू!

उघडून पाहिलं, तर खाली बारीक अक्षरांत 'निवडक क्रेडिट कार्डावर'. माझ्याकडे पेन्शनच्या खात्याचं साधं डेबिट कार्ड. मला तो ₹3,899 लाच पडणार. म्हणजे अलर्टने सवलत धरून आकडा मोजला होता.

तीस वर्षं गणित शिकवलंय, मग किमतीच्या आलेखाकडे लक्ष जाणारच. तीन महिने रेघ ₹3,700 च्या आसपास सरळ. गेल्या आठवड्यात एकदम ₹4,299 वर उडी, आणि आज ही 'उतरलेली' किंमत! शेजारी काट मारलेले ₹6,200 होतेच, पण त्या किमतीला तो आलेखात एकदाही विकला गेलेला नाही.

मग जुना मिक्सर चालवून पाहिला. मोटर फिरते, पाती थांबतात. भांडं उलटं केलं, तर खालच्या कपलरचे दात झिजलेले. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याने ₹80 त बदलून दिला. संध्याकाळी शेंगदाण्याचं कूट केलं.

अलर्ट ठेवलाय, फक्त आकडा ₹3,200 केला. कार्डाची सवलत सोडून खरी किंमत कळवणारा अलर्ट कुणाला माहीत आहे का?