जनरेटरचा चेंजओव्हर बसवताना न्यूट्रलने घेतलेली परीक्षा (माझा अनुभव)

आमच्या वर्कशॉपला थ्री फेज सप्लाय, आणि लाईट गेली की चालवायला १५ केव्हीएचा जनरेटर. जोडणी जुनी होती, म्हणजे शेजारी शेजारी दोन एमसीबी, एक लाईनचा एक जनरेटरचा, आणि वर खडूने लिहिलेलं "आधी हा बंद मग तो चालू". ही व्यवस्था काढून नीट चेंजओव्हर बसवायचं काम माझ्याकडे आलं. मालकांचा प्रश्न साधा होता, इतकी वर्षं चाललंय की मग खर्च कशाला.

त्यांना ट्रान्सफॉर्मरवरूनच समजावलं. दोन्ही एमसीबी चुकून एकत्र चालू राहिले तर जनरेटरची वीज उलटी लाईनमध्ये जाते, यालाच बॅकफीड म्हणतात. ट्रान्सफॉर्मरला कुठून वीज यायची आणि कुठे जायची हे कळत नाही. ११ केव्हीचे ४०० व्होल्ट करतो तोच खालून ४०० दिले तर वर ११ केव्ही तयार करतो. आणि त्याला थ्री फेजच लागतं असंही नाही, नेहमीच्या डेल्टा-स्टार ट्रान्सफॉर्मरला खालच्या एका फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट दिले तरी वरच्या दोन तारांमध्ये ११ हजार उभे राहतात, म्हणजे घरगुती छोटा जनरेटरही पुरतो. लोक म्हणतात की शेजारच्या सगळ्यांचं लोड येईल आणि जनरेटर लगेच बसेल. बऱ्याचदा बसतोही. पण फॉल्टमुळे किंवा फ्यूज काढल्यामुळे बाकीचं लोड बाजूला पडलेलं असेल तर उरतो फक्त रिकामा ट्रान्सफॉर्मर, आणि १०० केव्हीएच्या रिकाम्या ट्रान्सफॉर्मरला साधारण दोन-तीन अँपिअर लागतात, आमचा जनरेटर फेजला एकवीसच्या आसपास देतो. त्यातून एमसीबी आधीपासून चालू असताना जनरेटर स्टार्ट केला तर व्होल्टेज हळूहळू चढतं, सुरुवातीचा मोठा झटकाही बसत नाही, आणि तो गुपचूप चालत राहतो. वर खांबावर लाइनमन असतो ज्याने स्वतःच्या हाताने लाईन बंद केलेली आहे. तो टेस्ट करून दोन्ही बाजूंना अर्थिंग करतो तेव्हाच वाचतो, आपल्या खडूच्या अक्षरांनी नाही.

तर दोन्ही सोर्स एकाच हँडलवर, मध्ये बंद, एका वेळी एकच लागणार असा मेकॅनिकल चेंजओव्हर घ्यायचा हे ठरलं. वाद पुढे झाला, थ्री पोल की फोर पोल. आमचे वायरमन काका कामाला एक नंबर, पण म्हणाले, "न्यूट्रलमध्ये काय असतं, तो कायम जोडून टाकू, तीनच फेज बदलू." त्यांच्याकडे जुना थ्री पोल पडला होता तो तात्पुरता लावून बघितला.

इथे मजा झाली. जनरेटर लावला, मोटारी चालल्या, सगळं छान. ऑफिसचे दोन दिवे लावले तरी ठीक. सिंगल फेजचा हीटर लावला की जनरेटरच्या आउटगोइंगचा १०० मिलीअँपिअरचा आरसीसीबी खटकन पडायचा. काकांना वाटलं हीटर लीक आहे, दुसरा लावला, तोही पाडतो. मोटार चालते आणि सिंगल फेज पाडतं, इथेच मला न्यूट्रलचा वास आला, कारण बॅलन्स मोटारीला न्यूट्रलमधून काही परत न्यायचंच नसतं.

कारण असं. आमच्या जनरेटरचा स्टार पॉइंट, म्हणजे त्याचा न्यूट्रल, त्याच्या स्वतःच्या अर्थिंगला जोडलेला होता, आणि लाईनचा न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी अर्थ केलेला असतोच. न्यूट्रल कायम जोडलेला असल्यामुळे हीटरच्या परतीच्या करंटला दोन वाटा मिळाल्या, एक जनरेटरच्या न्यूट्रल वायरने आरसीसीबीतून, दुसरी लाईनच्या न्यूट्रलने ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगपर्यंत आणि जमिनीतून आमच्या जनरेटरच्या अर्थिंगला. जमिनीतली वाट ५ ओहम धरा आणि वायरची ०.१, तर १० अँपिअरच्या हीटरचे जवळपास ०.२ अँपिअर, म्हणजे २०० मिलीअँपिअर जमिनीतून जातात. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या करंटमध्ये आरसीसीबीला तेवढा फरक दिसतो, तो पडणारच. दिव्यांच्या एक अँपिअरला तो फरक २० मिलीअँपिअरच होतो, म्हणून दिवे चालत होते. आरसीसीबी आपलं काम बरोबर करत होता, ट्रिपचं मूळ जोडणीत होतं.

काकांचा उपाय तयार होता, "जनरेटरची न्यूट्रल-अर्थ लिंक काढून टाकू". काढली की ट्रिप थांबणार हे खरं, आणि न्यूट्रल एकाच ठिकाणी अर्थ ठेवून अशी जोडणी काही ठिकाणी करतातही. पण मग जनरेटर चालू असताना आमचं सगळं संरक्षण लाईनच्या न्यूट्रलवर अवलंबून. आमच्याकडे मशीनच्या बॉडीला फेज लागला तर करंट जमिनीतून ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगला जाऊन लाईनच्या न्यूट्रलने परत येणार, म्हणजे जी लाईन बंद आहे असं समजून कोणी काम करतोय तिच्याच न्यूट्रलवर व्होल्टेज. आणि त्याने तो न्यूट्रल सोडला तर आमचा जनरेटर तरंगता, पहिल्या फॉल्टला काहीच पडणार नाही, बॉडी तशीच जिवंत राहणार. मला दोन्ही नको होतं.

म्हणून फोर पोल आणला आणि जनरेटरची लिंक जागच्या जागी ठेवली. या दोन गोष्टी जोडीनेच येतात हे लक्षात घ्या, फोर पोल लावून लिंक नसेल तर न्यूट्रल तरंगतो, आणि लिंक असून थ्री पोल असेल तर आमच्यासारखी ट्रिपिंग. अर्थ वायर मात्र स्विचमधून नेलीच नाही, ती सलग.

लावताना एक बारीक गोष्ट. केबलच्या कोअरची लांबी बघून काकांनी न्यूट्रल पहिल्या पोलवर आणला होता, तो हलवायला लावला. आमच्या स्विचमध्ये न्यूट्रलचा पोल वेगळा मार्क केलेला होता, तो फेजच्या आधी लागतो आणि फेजच्या नंतर सुटतो. उलटं झालं, म्हणजे फेज लागलेले आणि न्यूट्रल सुटलेला, तर दोन फेजवरचे सिंगल फेज लोड ४०० व्होल्टवर एकापाठी एक सिरीजमध्ये येतात आणि कमी वॉटच्या वस्तूला जास्त व्होल्टेज मिळतं. दुसऱ्या फेजवर हीटर असेल तर पहिल्यावरचा कॉम्प्युटर गेलाच समजा.

चाचणी करण्याआधी लाईनचा सप्लाय रीतसर बंद करून घेतला. आधी दोन्ही सोर्स बंद असताना हँडल जनरेटरकडे, आणि लाईनकडची फेज-न्यूट्रल केबल सोडवून स्विचच्या लाईनकडच्या न्यूट्रल टर्मिनलची लोडकडच्या न्यूट्रलशी कंटिन्युइटी बघितली, मीटर गप्प पाहिजे. वाजला तर न्यूट्रल कुठेतरी अजून कॉमन आहे. मग केबल परत लावली, जनरेटर चालू केला आणि स्विचच्या लाईनकडच्या टर्मिनलवर व्होल्टेज बघितलं. डिजिटल मीटरने चाळीसच्या आसपास दाखवले आणि काका दोन पावलं मागे सरले! दोन केबल बराच लांबवर शेजारून गेल्या की असं भुताटकीचं व्होल्टेज येतं. तिथेच एक साधा बल्ब लोड म्हणून जोडला, मीटर शून्यावर आला. बॅकफीड असता तर बल्ब ठेवूनही आकडा हलला नसता. शेवटी हीटर लावला, आरसीसीबी गप्प, आणि टेस्ट बटण दाबल्यावर लगेच पडला.

मालकांनी विचारलं आता निर्धास्त ना. म्हटलं चेंजओव्हरपुरतं हो. कोणी छोटा जनरेटर आणून दोन्हीकडे पिन असलेली वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसली आणि हँडल लाईनकडे असलं तर हा स्विच काही करू शकत नाही, ते लोड लाईनलाच जोडलेलं आहे. तशी एक वायर स्टोअरमध्ये खरंच सापडली, दोन्ही पिना कापून टाकल्या.