कुंकुमादी तेलात केशर किती? लेबल वाचण्याचा माझा अनुभव

चेहऱ्याला लावायच्या कुंकुमादी या आयुर्वेदिक तेलाची बाटली विकत घेणे अगदी सोपे आहे, परंतु त्या बाटलीत केशर नेमके किती आहे हे कंपनीकडून लेखी मिळवणे किती कठीण असू शकते, याचा अनुभव मी नुकताच घेतला. त्याची चीड अद्याप पुरती ओसरलेली नाही, आणि हे लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

बाटलीच्या दर्शनी बाजूला ‘शास्त्रोक्त’, ‘शुद्ध केशरयुक्त’ आणि ‘सात दिवसांत उजळ कांती’ असे तीन दावे होते. तिसरा दावा मी तेथेच बाजूला ठेवला. त्वचेचा वरचा थर नवा होण्यास साधारण चार आठवडे लागतात, त्यामुळे डाग किंवा काळवंडलेपणा आठवड्यात जाईल असे कोणी म्हणत असेल, तर एक तर ती अतिशयोक्ती असते किंवा तेलात न सांगितलेले काहीतरी असते. एखाद्या उत्पादनाने विलक्षण झपाट्याने रंग उजळला, तर त्यात स्टेरॉइड किंवा हायड्रोक्विनोन मिसळल्याची शंका घ्यावी आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. तेलाने त्वचा मऊ होते व तिच्यावर तुकतुकी येते ती लगेच दिसते, पण ती तुकतुकी म्हणजे डाग गेले असे नव्हे.

पहिल्या दोन दाव्यांसाठी मी लेबलची मागची बाजू वाचली. ‘आयुर्वेदिक औषध’ असे शब्द, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, तारखा आणि ‘फक्त बाह्य वापरासाठी’ ही सूचना, इथपर्यंत सारे ठीक होते. (हे शब्द नसतील आणि घटकांची नुसती उतरत्या प्रमाणातील यादी असेल, तर ते तेल बहुधा सौंदर्यप्रसाधनाच्या परवान्यावर बनलेले असते. ते वाईट असते असे नाही, परंतु मग त्याला ग्रंथोक्त औषध समजून पैसे मोजू नयेत.) घटकांच्या जागी मात्र ‘आतील पत्रक पाहा’ एवढेच होते. घटक फार असतील तर अशी सवलत नियमांत आहे. पण पत्रकावर प्रत्येक वनस्पतीचे शास्त्रीय नाव, वापरलेला भाग आणि प्रमाण द्यावे लागते. माझ्या पत्रकावर केशर, चंदन, मंजिष्ठा, लोध्र, वाळा, ज्येष्ठमध अशी सुरेख नावे होती, प्रमाण एकाचेही नव्हते.

येथून खरी रखडपट्टी सुरू झाली. ग्राहक सेवेच्या क्रमांकावर मी दोनच गोष्टी विचारल्या : दहा मिलिलिटर तेलात केशर किती, आणि हे तेल कोणत्या ग्रंथातील पाठानुसार, म्हणजे कृतीनुसार, केले आहे? ‘मॅडम, आमचे प्रॉडक्ट शंभर टक्के आयुर्वेदिक आहे,’ असे उत्तर मिळाले. प्रश्न पुन्हा विचारला, तर उत्तरही तेच, फक्त आवाज अधिक गोड. नंतर सांगण्यात आले की प्रमाण हे कंपनीचे गुपित आहे. जे लेबलवर छापणे नियमाने बंधनकारक आहे ते गुपित कसे असू शकते, याचे उत्तर त्या बाईंकडे नव्हते आणि त्यात त्यांचा दोषही नव्हता. पुढे माझा फोन ‘टेक्निकल टीम’कडे वळवला जाई आणि तेथे कोणी उचलत नसे. ईमेलला यंत्रवत पोच येई, तिच्यासोबत पुढील खरेदीवर सवलतीचे कूपन येई, उत्तर मात्र येत नसे.

शेवटी माझ्या ओळखीच्या वैद्यबाईंनी पत्राचा मसुदाच बदलायला लावला. ‘अहो, केशर आहे का असे विचारू नका, ते हो म्हणतील. बॅच क्रमांक लिहा, औषध नियमांतील नियम १६१ चा उल्लेख करा आणि हे शास्त्रीय औषध आहे की प्रोप्रायटरी, असे विचारा,’ असे त्या म्हणाल्या. हा भेद कळीचा आहे. शास्त्रीय औषध मान्यताप्राप्त ग्रंथातील पाठानुसारच करावे लागते आणि लेबलवर त्या ग्रंथाचा संदर्भ द्यावा लागतो. प्रोप्रायटरी औषधात घटक ग्रंथांतले असले तरी त्यांची निवड व प्रमाण कंपनी ठरवते. कुंकुमादीचे पाठ ग्रंथागणिक वेगळे आहेत, म्हणून ‘भैषज्यरत्नावलीवर आधारित’ या शब्दांना ‘संदर्भ : भैषज्यरत्नावली’ या शब्दांचे वजन नसते.

या पत्राला मात्र उत्तर आले. तेल प्रोप्रायटरी होते. दर दहा मिलिलिटरमध्ये केशर ३० मिलिग्रॅम, तीळ तेल ‘यथावश्यक’ आणि शेवटी ‘सुगंध’, ज्याचा पत्रकात उल्लेखच नव्हता. ३० मिलिग्रॅम म्हणजे किती, हे समजण्यासाठी मी हिशेब मांडला. एक किलो केशरासाठी सुमारे दीड लाख फुले लागतात, म्हणजे एका फुलामागे साधारण साडेसहा मिलिग्रॅम आणि एका काडीमागे जेमतेम दोन. तेव्हा दहा मिलिलिटरमागे पंधराएक काड्या झाल्या. तैलपाकाचा, म्हणजे औषधी तेल शिजवण्याचा, सामान्य नियम एक भाग कल्क म्हणजे वाटलेल्या द्रव्यांचा लगदा, चार भाग तेल आणि सोळा भाग द्रव असा आहे. कल्कात वीस द्रव्ये समभाग धरली, तर दहा मिलिलिटर तेलामागे केशर सुमारे १२५ मिलिग्रॅम येईल. हा अंदाजच आहे, कारण पाठानुसार द्रव्ये व भाग बदलतात, पण ‘शुद्ध केशरयुक्त’ या शब्दांमागचे अंतर त्यावरून लक्षात येते.

रंगावरून केशर ओळखता येत नाही, हेही वैद्यबाईंनीच सांगितले. केशराचा पिवळा-केशरी रंग पाण्यात सहज उतरतो, तेलात नीट उतरत नाही. तेलाला गडद लाली रतनजोतीनेही येते आणि पिवळेपणा हळदीनेही. वास तर बाहेरून घालता येतोच. म्हणून लालभडक तेल हातावर घासून दाखवणाऱ्या विक्रेत्यावर विसंबू नये, मागची बाजू वाचावी. घटकांत ‘लाइट लिक्विड पॅराफिन’ किंवा ‘मिनरल ऑइल’ दिसले, तर तेलाचा आधार निव्वळ तीळ नाही हे उघड आहे.

तारखेबद्दलही थोडे सांगायला हवे. आयुर्वेदिक तेलांना नियमांनी साधारण तीन वर्षांची मुदत दिलेली आहे, पण ती बंद बाटलीची असते. ड्रॉपर चेहऱ्याला लावून परत आत घातला, बाटली न्हाणीघरात किंवा उन्हात ठेवली, की मुदतीआधीच तेल खवट होऊ शकते. पाकात दूध किंवा काढ्याचे पाणी नीट आटले नसेल, तर बंद बाटलीतही बिघाड होतो. कापसाची वात तेलात भिजवून पेटवल्यावर ती तडतडली, तर आत ओलावा आहे असे समजावे. खवट किंवा आंबूस वास आला, की तारीख पुढची असली तरी ते तेल चेहऱ्याला लावू नये. छोटी बाटली घ्यावी आणि उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी.

सुरुवातीलाच सांगायला हवे होते असे आणखी एक : तेल नैसर्गिक असले तरी त्याची ॲलर्जी होऊ शकते. तिळाने काहींना त्रास होतो आणि कुंकुमादीच्या काही पाठांत असणारी कुष्ठ ही वनस्पती ॲलर्जी घडवणारी म्हणून ओळखली जाते. कोपराच्या आतल्या बाजूस थोडेसे तेल दोन-तीन दिवस लावून पाहावे, लाली किंवा खाज नसेल तरच चेहऱ्याकडे वळावे. आणि तेल संपेपर्यंत खोका फेकू नये, कारण पत्रक त्यातच असते, बॅच क्रमांकही खोक्यावर छापलेला असतो, आणि तो क्रमांक नसता तर माझ्या पत्रालाही तेच गोड उत्तर आले असते.