उरुमी बघायची तर वडकऱ्याच्या कळरीत

केरळला जाणारे बहुतेक मराठी पर्यटक कळरीपयट्टू ही तिथली युद्धकला थेक्कडीला बघतात. तासाभराचा प्रयोग, आगीच्या कड्यातून उड्या, आणि शेवटी थोडा वेळ उरुमी: लवचिक पोलादी पट्टीची ती तलवार. प्रयोग वाईट नसतो, पण उरुमी डोळ्यांत भरेपर्यंत दिवे लागतात. ती चालते कशी हे समजून घ्यायचं असेल तर उत्तर मलबारात जावं. आम्ही कोकण रेल्वेने गेलो आणि थलश्शेरी व कोळिकोड यांच्या मधल्या वडकरा स्टेशनवर उतरलो. हा जुना कडत्तनाड प्रांत. ‘वडक्कन पाट्टुकळ’ या इथल्या पोवाड्यांतली उण्णियार्चा नादापुरम बाजारात वाट अडवणाऱ्या टोळीवर उरुमी घेऊन तुटून पडली, ते नादापुरमही याच भागात. कळरीपयट्टू शिकवणाऱ्या पद्मश्री मीनाक्षी अम्मांची कळरी, म्हणजे तालीम, हीही वडकऱ्यातच आहे.

आम्ही गेलो ती कळरी लहान, घराच्या आवारातली. परंपरेप्रमाणे ती जमिनीत खणलेली असते, 42 फूट लांब आणि 21 फूट रुंद. नैर्ऋत्य कोपऱ्यात सात पायऱ्यांची पूत्तरा, म्हणजे तिथलं देवस्थान. मुलं पहाटे येतात, शाळेआधी तेल लावून अंग मोडून घेतात. उरुमी बाहेर निघाली तशी गुरुक्कळांनी, म्हणजे तिथल्या गुरूंनी, काही न बोलता हात केला आणि सगळी मुलं वर काठावर जाऊन बसली. कारण साधं आहे. पातं दीड मीटरच्या आसपास, त्यात हाताची लांबी धरली की एका माणसाभोवतीचं वर्तुळच चार मीटर व्यासाचं होतं. साडेसहा मीटरही रुंद नसलेल्या त्या खड्ड्यात तिसऱ्याला जागाच उरत नाही.

आधी ती हातात न घेता जवळून बघू द्या म्हणून विनंती केली. मूठ साध्या तलवारीसारखी, बोटांवर आडवं संरक्षण. पुढे जेमतेम बोट-दीड बोट रुंदीची पोलादी पट्टी, जाडी मिलिमीटरच्या आतली. गुंडाळी बांधलेली होती. गुरुक्कळांनी बांधणी सोडली, गुंडाळी सैल झाली आणि पट्टी जमिनीवर सरळ पडली. हीच पोलादाची परीक्षा. कमरेभोवती वेढा दिला की पट्टीची बाहेरची बाजू किंचित ताणली जाते. स्प्रिंगचं पोलाद तो ताण सोसून पुन्हा सरळ होतं, साधं लोखंड मात्र वाकलेलंच राहतं. सोडल्यावर जिला बाक राहतो ती पट्टी फिरवताना टोकाशी भरकटते, हे तिथल्या एका मोठ्या शिष्याने सांगितलं. तो हिंदी बोलत होता, म्हणून आमचं निभावलं.

आता खरी गोष्ट. शाळेतली पोलादी मोजपट्टी आठवा: सपाट बाजूने ती सहज वाकते, धारेच्या बाजूने दाबली तर हलत नाही. उरुमीचं तसंच आहे. पट्टी 20 मिलिमीटर रुंद आणि 0.8 मिलिमीटर जाड धरली, तर धारेच्या दिशेने ती सपाट दिशेपेक्षा 625 पट कडक असते. धार पुढे ठेवून फिरवली की ती कापते. मनगट थोडं चुकून सपाट बाजू पुढे आली की नुसती लाट उठते, चापट बसते, जखम नाही. अडचण अशी की इतकी पातळ लांब पट्टी पिळायलाही सोपी. मुठीने दिलेला पीळ टोकापर्यंत पोचायला उशीर लागतो, म्हणून टोक जिथे धारेवर हवं त्या क्षणाच्या आधीच मनगट वळवावं लागतं. दांडपट्टा बघितलेल्यांना फरक चटकन कळेल. तिथे हात कोपरापर्यंत खोबळ्यात असतो, मनगट जवळपास बंद आणि वार खांद्यातून येतो. इथे सगळा कारभार मोकळ्या मनगटाचा.

दुसरं म्हणजे वेग. पट्टी ताठ राहते ती फिरण्यामुळेच. सेकंदाला दोन फेरे आणि दोन मीटर त्रिज्या असेल तर टोक ताशी 90 किलोमीटरने जातं, आणि ‘फूंऽऽ’ असा आवाज अंगावर येतो. फेरा मंदावला की ताण सुटतो, पट्टी लोंबते आणि सरळ फिरवणाऱ्याच्या पोटरीकडे येते. म्हणून उरुमी थांबवता येत नाही, फक्त वळवता येते. डोक्यावरून फेरा, मग उजवीकडून डावीकडे आडवा पडलेला आठ, त्यातच पाय वळवून पाठ फिरवणं, सगळं न तुटता. संपवायचं तर फेरा हळूहळू लहान करत पट्टी सपाट बाजूने अंगाजवळ घेतात. आम्ही बघत असताना शिष्याने दोनदा तसंच केलं. गुरुक्कळ त्याच्या पायांकडे बघत होते, पात्याकडे नाही. विचारल्यावर म्हणाले, “पाय बरोबर पडला की पातं आपोआप येतं.”

मग दोघांची लढत, प्रत्येकाच्या एका हातात उरुमी, दुसऱ्यात छोटी गोल ढाल. ढालीवर पट्टी आदळते तेव्हा ठिणग्या उडतात. नीट बघा: तलवारीचा वार ढालीवर थांबतो, उरुमीचा नाही. जिथे ढाल लागते तिथे पट्टी मुडपते आणि पुढचा तुकडा ढालीच्या कडेवरून आत वळतो. त्यामुळे बचाव करणारा ढाल अंगाशी न धरता पुढे, लांब धरतो. तलवारीने अडवायला गेलात तरी तेच, टोक पात्याला वळसा घालून हाताशी येतं. पण याच गुणामुळे तिला मर्यादाही आहे. भोसकता येत नाही. जवळ घुसलेल्या माणसावर ती निरुपयोगी. आणि शेजारी आपलाच माणूस असेल तर काढूच नये. रांगेत लढणाऱ्या सैन्याचं हे शस्त्र असेल असं मला वाटत नाही. गर्दीने घेरलेल्या एकट्यासाठी, किंवा चालून येणाऱ्यांना लांब ठेवण्यासाठी मात्र ती समजते.

म्हणूनच ती शेवटी शिकवतात. आधी मैत्तारी, म्हणजे अंगाचे व्यायाम. मग कोल्तारी, म्हणजे लाकडी शस्त्रं. मग अंकत्तारीत कट्यार, ढाल-तलवार, भाला, आणि सर्वांत शेवटी उरुमी. मधली कितीतरी मुलं नोकरी-शिक्षणासाठी निघून जातात. शिवाय इतर शस्त्रांत चूक झाली तर जोडीदाराला लागतं आणि तो ओरडतो. उरुमीत चूक करणाऱ्यालाच लागतं. बोथट पट्टीने सराव करतात, तरी वेग तोच असल्याने कातडी फाटते.

जाणाऱ्यांसाठी: आधी फोन करून वेळ घ्या आणि उरुमी बघायची आहे हे तेव्हाच सांगा, कारण ती रोज बाहेर निघत नाही. सराव बहुधा सकाळी लवकर किंवा संध्याकाळी असतो. पादत्राणं बाहेर, उजवा पाय आधी आत, आणि मांडलेली शस्त्रं ओलांडू नका. फोटोसाठी विचारा, फ्लॅश नको. फेऱ्यातल्या माणसाचे डोळे दिपले तर काय होईल ते वर आलंच आहे. काठावर मागे सरकून बसा, खड्ड्याच्या तोंडाशी नाही. कर्किडकम महिन्यात, साधारण जुलै-ऑगस्टमध्ये, उळिच्चिल म्हणजे तेलमालिशीचे दिवस असतात. तेव्हा गेलात तर शरीर कसं तयार करतात ते दिसेल. पण कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, ते बघून तिकीट काढा. गुरुदक्षिणा विड्याच्या पानावर ठेवून द्यावी, दर विचारू नये. आणि बाजारात शोभेची उरुमी मिळाली तरी घेऊ नका. विमानात हातसामानात ती चालणार नाही, आणि लांब पात्याचं शस्त्र बाळगण्यावर कायद्याची बंधनं आहेत.